रशियन शेजारणीस पाडव्याच्या जेवणाचे निमंत्रण

मराठी घरातून शेजारी निमंत्रण जाते ते बहुधा तोंडी आणि दोन शब्दांचे: "जेवायला या." सण कोणता, पानात काय असणार, जेवण दुपारचे की रात्रीचे, सोबत कोणी आले तर चालेल की नाही, यांपैकी काहीही सांगावे लागत नाही; कारण शेजाऱ्यास ते आधीच ठाऊक असते. शेजारी रशियन बोलणारा असला म्हणजे हे सारे अध्याहृत शब्दांत मांडावे लागते, आणि तेही ज्या भाषेत आपली वाक्ये अद्याप शब्दकोशाच्या आधाराने उभी राहतात त्या भाषेत. अशा वेळी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले वाक्यही निमंत्रणाऐवजी हुकूम ठरू शकते. तसे ते का ठरते आणि ते कसे टाळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी एक निश्चित प्रसंग घेऊ. मॉस्कोतील एका इमारतीत एक मराठी कुटुंब राहते. खालच्या मजल्यावर एक वयस्क रशियन बाई राहतात. त्यांचे नाव, केवळ उदाहरणापुरते, नीना सेर्गेयेव्ना असे धरू. सण गुढीपाडव्याचा. २०२५ साली पाडवा ३० मार्च रोजी, रविवारी आला होता. तोच दिवस येथे घेतला आहे. पाहुण्या बाईंच्या दारी द्यावयाची चिठ्ठी पुढीलप्रमाणे लिहिता येईल. ती प्रत्यक्षात अर्थातच रशियन लिपीत लिहावयाची. येथे ती अक्षरशः देवनागरीत उतरवली आहे. उच्चार काही ठिकाणी याहून निराळा होतो. उदाहरणार्थ, पहिला शब्द बोलताना "दरगाया" असा ऐकू येतो. नुक्ता दिलेला ज़ हा उर्दू "ज़मीन" मधल्यासारखा वाचावा.

"दोरोगाया नीना सेर्गेयेव्ना! व वोस्क्रेसेन्ये, ३० मार्ता, ऊ नास प्राज़्दनिक: गुडी पाडवा, मारात्ख्स्की नोवी गोद. खोतीम प्रिग्लासीत् वास क नाम ना ओब्येद. प्रिखोदीते, पोझालुस्ता, क चासू द्न्या. स्तोल बूदेत बेज़ म्यासा, रीबी इ याइत्स. ग्लाव्नोये ब्ल्यूदो: स्लाद्किये लेप्योश्की स नाचीन्कोय इज़ नूता. येस्ली वी पोस्तीतेस्, स्काझीते: प्रिगोतोविम द्ल्या वास बेज़ मोलोका, ना रास्तीतेल्नोम मास्ले. बूदेम रादी वास वीदेत्. वाशी सोसेदी इज़ क्वार्तीरी ४२."

याचा भावार्थ असा: "प्रिय नीना सेर्गेयेव्ना, रविवारी, ३० मार्चला, आमच्याकडे सण आहे: गुढीपाडवा, मराठी नववर्ष. आपणांस आमच्याकडे जेवावयास बोलवावे अशी इच्छा आहे. दुपारी एकपर्यंत अवश्य यावे. पानात मांस, मासे वा अंडी नसतील. मुख्य पदार्थ म्हणजे हरभऱ्याचे सारण भरलेल्या गोड पोळ्या. आपला उपवास असल्यास सांगावे; आपल्यासाठी दुधाविना, तेलावर करू. आपण आल्यास फार आनंद होईल. आपले ४२ क्रमांकाच्या घरातील शेजारी."

आता या चिठ्ठीतील एकेक जागा पाहू.

प्रथम संबोधन. मराठी माणसाच्या तोंडी येथे "काकू" किंवा "मावशी" असा शब्द सहज येतो, आणि शब्दकोशात त्याला "त्योत्या" हा प्रतिशब्दही सापडतो. परंतु परक्या बाईस "त्योत्या" म्हणतात ती लहान मुले; प्रौढ माणसाने तो शब्द वापरल्यास ऐकणारीला तो विचित्र अथवा उर्मट वाटतो. मराठीत नातेवाचक शब्द जे काम करतो ते रशियनमध्ये नावापुढील पितृनाम करते. वडील सेर्गेय असतील तर मुलगी सेर्गेयेव्ना आणि मुलगा सेर्गेयेविच. वडिलांचे नाव मध्ये लावण्याची रीत आपल्याला परकी नाही. भेद एवढाच की आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीच्या नावामध्ये बहुधा पतीचे नाव येते, तर रशियन स्त्रीचे पितृनाम जन्मभर वडिलांचेच राहते. तेव्हा पतीच्या नावावरून ते बनवू नये. ते ठाऊक नसल्यास सरळ विचारावे: "प्रोस्तीते, काक वास पो ओत्चेस्त्वू?" हा प्रश्न रशियन समाजात अगदी नित्याचा आहे, त्यात कोणतेही अगोचरपण नाही. शेजारीण तरुण असेल तर नुसते नाव पुरते. मात्र सर्वनाम आदरार्थीच असावे.

ते सर्वनाम म्हणजे "वी". मराठीतील "तुम्ही"प्रमाणेच ते मुळात अनेकवचनी असून एका व्यक्तीस आदराने वापरले जाते. "आपण" असा याहून वरचा तिसरा थर रशियनमध्ये नाही. त्याची भरपाई पितृनामाने आणि लेखनातील एका लहानशा रूढीने होते. एकाच व्यक्तीस पत्र लिहिताना "वी" आणि त्याची "वास", "वाशी" ही रूपे मोठ्या अक्षराने सुरू करतात. पतिपत्नी दोघांना मिळून चिठ्ठी असेल तर ते केवळ अनेकवचन ठरते आणि अक्षर लहान राहते.

दुसरी जागा "आमच्याकडे" या शब्दाची. "आमच्याकडे सण आहे" आणि "आमच्याकडे या" या दोन वाक्यांत मराठी एकच शब्द वापरते. रशियनमध्ये मात्र असणे आणि येणे यांची वाट वेगळी आहे. जे आमच्या घरी आहे ते "ऊ नास", आणि आमच्या घरी यावयाचे ते "क नाम". चिठ्ठीच्या पहिल्या वाक्यात "ऊ नास प्राज़्दनिक" असून निमंत्रणाच्या वाक्यात "क नाम" आहे, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. "प्रिखोदीते ऊ नास" असे लिहिल्यास अर्थ कळतो, पण वाक्य ताबडतोब परक्याचे वाटते. पहिल्या वाक्यात "आहे" या अर्थाचे क्रियापद नाही, हेही पाहावे. वर्तमानकाळी रशियन ते गाळते.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची आहे, आणि चूक होण्याचा संभव येथेच सर्वाधिक. रशियन क्रियापदांची बहुधा जोडी असते: एक क्रिया पुरी झाल्याचे दाखवणारे, दुसरे क्रिया चालू असल्याचे अथवा पुनःपुन्हा घडत असल्याचे दाखवणारे. "येणे" या अर्थी पहिले "प्रिय्ती" आणि दुसरे "प्रिखोदीत्". विद्यार्थ्यास प्रारंभी नियम शिकवला जातो तो असा की एकदाच घडणाऱ्या क्रियेसाठी पहिले वापरावे आणि वारंवार घडणारीसाठी दुसरे. या नियमाने चालल्यास, नीना सेर्गेयेव्ना एकदाच यावयाच्या असल्याने, "प्रिदीते" असे आज्ञार्थी रूप निवडले जाते. व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत ते खपून जाईल. चिठ्ठीत मात्र ते वाचणारीला कार्यालयातून आलेल्या सूचनेसारखे वाटेल: अमुक वाजता हजर व्हा. निमंत्रणाचे रूप "प्रिखोदीते" हेच आहे.

याचे कारण समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. पूर्णतावाचक आज्ञार्थ फलावर बोट ठेवतो: क्रिया पुरी होऊन निष्पन्न झाली पाहिजे, असा त्याचा रोख. दुसरा आज्ञार्थ फलाचा आग्रह धरत नाही. वाट मोकळी आहे, आपण सुरुवात करावी, एवढेच तो सुचवतो. मराठीत क्रियापदांची अशी जोडी नसली तरी या भेदाची जाण मराठी कानाला आहे. पाहुण्यास आपण "जेवा" म्हणतो. "जेवून घ्या" म्हटले की एक काम उरकून टाकावे असा सूर लागतो. "या" आणि "येऊन जा" यांतही तेच अंतर आहे. रशियन यजमानाची सारी आतिथ्यवचने याच दुसऱ्या रूपात असतात: दारात "प्रोखोदीते", म्हणजे आत या, "रज़्देवायतेस्", म्हणजे कोट काढून ठेवा, "सादीतेस्", बसा, "उगोश्चायतेस्", घ्या, आस्वाद घ्या. बसण्याचे पूर्णतावाचक रूप "स्याद्ते" हे वैद्याच्या किंवा शिक्षकाच्या तोंडी शोभते, यजमानाच्या नव्हे.

मग याच चिठ्ठीत "स्काझीते", म्हणजे सांगावे, हे पूर्णतावाचक रूप कसे आले? कारण येथे निमंत्रण नसून विनंती आहे. आपल्याला एक निश्चित गोष्ट कळावयास हवी आहे, फलाची अपेक्षा आहे, आणि ती लपविण्याचे कारण नाही. विनंतीत फलाचा रोख सभ्य असतो, आतिथ्यात तो दडपण आणतो. या दोन वाक्यांतील फरक ज्याला कळला त्याला रशियन आज्ञार्थाचे मर्म कळले असे म्हणावयास हरकत नाही.

या रूपाविषयी आणखी एक बारकावा आहे. "प्रिखोदीते" असा "दी"वर आघात असला तर तो आज्ञार्थ; आघात "खो"वर आला तर तेच अक्षररूप "तुम्ही येता" असे वर्तमानकाळी विधान होते. लिहिताना आघात दाखवत नाहीत. म्हणून मराठीच्या सवयीने "तुम्ही या" असे सर्वनाम आधी जोडू नये. ते जोडल्यास वाक्य विधानाकडे झुकते. सर्वनाम गाळून शेजारी "पोझालुस्ता" ठेवले की संदेह उरत नाही. त्याआधीच्या वाक्यातील "खोतीम प्रिग्लासीत्", म्हणजे बोलवावे अशी इच्छा आहे, हे "प्रिग्लाशायेम", म्हणजे निमंत्रित करतो, याहून मऊ आहे. दुसरे रूप चुकीचे नव्हे, परंतु सभेच्या फलकावर ते अधिक शोभते.

आता शब्दांकडे वळू. सणाला "फेस्तिवाल" म्हणण्याचा मोह इंग्रजी जाणणाऱ्यास होतो. रशियनमध्ये तो शब्द चित्रपटांच्या वा संगीताच्या महोत्सवासाठी आहे. घरच्या सणाला "प्राज़्दनिक" हाच शब्द. "ओब्येद" म्हणजे दुपारचे मुख्य जेवण. रात्रीच्या जेवणास "ऊझिन" हा निराळा शब्द आहे, त्यामुळे वेळेचा घोटाळा होत नाही. "क चासू" यातील "क" हा अव्यय "एकपर्यंत" असा अर्थ देतो, आणि बोलावलेले पाहुणे बहुधा त्या सुमारास दारात येतात. तेव्हा गुढीची पूजा आणि नैवेद्य यांस जो वेळ लागेल तो धरूनच तास लिहावा.

पुरणपोळीचे वर्णन हा नाजूक भाग आहे. मूळ नाव पाहुण्या बाईंना जेवताना सांगावे. चिठ्ठीत पदार्थ डोळ्यांपुढे आला पाहिजे. "ब्लीनी" म्हटल्यास सैल पिठाचे पातळ घावन समोर येते, "पिरोग" म्हटल्यास भट्टीत भाजलेले जाड आवरण. "लेप्योश्का" म्हणजे लाटलेली अथवा थापलेली चपटी पोळी. हा शब्द मध्य आशियातील भाकरीमुळेही रशियन घरांत परिचित आहे. डाळीच्या बाबतीत "गोरोख" हा शब्द टाळावा, कारण त्याने वाटाण्याचे सार आठवते. "चेचेवीत्सा" म्हणजे मसूर. हरभऱ्याच्या जातीला "नूत" म्हणतात. "स्तोल" म्हणजे मेज. पण आपण "पान" म्हणताना पानावरचे सारे जेवण अभिप्रेत धरतो तसाच हा शब्दही वापरला जातो. मांस, मासे आणि अंडी ही तिन्ही नावे मुद्दाम घेतली आहेत. रशियन पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. फुले, मिठाई किंवा केक आणतोच. "काही आणू नका" असे लिहून तो थांबत नाही. अंडी चालत नाहीत एवढे कळले, तर केकऐवजी फुले आणावीत हे त्याला न सांगता समजते.

उपवासाचे वाक्य अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, परंतु पाडव्याच्या बाबतीत तेच सर्वांत उपयोगी आहे. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचे ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी, जुन्या पंचांगाच्या गणिताने येते, आणि पाडवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदेस. त्यामुळे बहुतेक वर्षी पाडवा ईस्टरच्या सुमारे तीन आठवडे आधी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या महाउपवासात पडतो. २०२५ साली हा उपवास ३ मार्चला सुरू झाला आणि ईस्टर २० एप्रिलला होते. या काळात व्रत पाळणारी व्यक्ती मांस, अंडी, दूध आणि दुधाचे पदार्थ खात नाही. परंपरेने शनिवार-रविवारी तेल चालते. किती कडक पाळावयाचे हे ज्याचे त्याने ठरवलेले असते, म्हणून विचारणे बरे.

गंमत अशी की पुरणपोळी मुळात या व्रताच्या आड येत नाही. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ, कणीक आणि तेलाचे मोहन, यांत प्राणिज असे काही नाही. अडचण तव्यावरच्या आणि वाढतानाच्या तुपाची आणि सोबतच्या दुधाची. पाहुण्या बाईंच्या तीन-चार पोळ्या तव्याला तूप लागण्यापूर्वी तेलावर भाजून निराळ्या ठेवल्या की चिठ्ठीतले वचन पाळले जाते. कटाची आमटी तेलाच्या फोडणीची असली तर चालेल. श्रीखंड आणि दह्यातली कोशिंबीर त्यांच्या पानात वाढू नये. हे सारे लिहिताना "बेज़ मास्ला" असे दोन शब्द पुरतील असे वाटते, पण तेथेच फसगत होते. मराठीत तेल, लोणी आणि तूप हे तीन शब्द आहेत. रशियनमध्ये तिन्ही "मास्लो". विशेषणाने ते निवडावे लागते: "रास्तीतेल्नोये" वनस्पतीजन्य, म्हणजे तेल, "स्लीवोच्नोये" सायीचे, म्हणजे लोणी, "तोप्ल्योनोये" कढवलेले, म्हणजे तूप. म्हणून चिठ्ठीत काय नाही एवढेच न सांगता कशावर भाजणार तेही सांगितले आहे.

मात्र रशियन बोलणारा शेजारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच असेल असे गृहीत धरू नये. तो तातार मुसलमान असेल तर २०२५ सालच्या ३० मार्चला रशियात ईद, तेथील भाषेत "उराज़ा-बायराम", होती. त्या दिवशी तो स्वतःच यजमान असणार. अशा घरी उपवासाचे वाक्य गाळावे आणि निमंत्रण दुसऱ्या दिवसाचे द्यावे. जॉर्जियन वा आर्मेनियन शेजाऱ्याच्या बाबतीत पितृनामाचा आग्रहही धरू नये. स्वतःची ओळख तो जशी करून देईल तसेच नाव घ्यावे.

शेवटी, चिठ्ठी नीट पोचली की नाही हे उत्तरावरून ओळखता येते. "स्पासीबो, स उदोवोल्स्त्वियेम", म्हणजे आभार, आनंदाने, हा स्पष्ट होकार. "पोस्तारायूस्", म्हणजे प्रयत्न करीन, याचा कल बहुधा नकाराकडे असतो. "स्पासीबो ज़ा प्रिग्लाशेनिये", निमंत्रणाबद्दल आभार, एवढेच उत्तर आले तर त्यात होकार नाही आणि नकारही नाही. अशा वेळी एक-दोन दिवसांनी जिन्यात भेट झाली असता सौम्यपणे विचारावे: "वास झ्दात्?" म्हणजे, आपली वाट पाहू ना? या दोन शब्दांत दडपण नाही, आणि पोळ्या किती लाटावयाच्या हेही त्याने ठरते.